दायमाबादच्या रथाची ध्वनिफीत आणि चित्रफीत: शालेय गटांसाठी संहिता कशी लिहावी

प्रश्न: आमच्या लहानशा संग्रहालयात दायमाबादच्या कांस्यरथाची मूळ मापाची प्रतिकृती आहे. पाचवी ते सातवीच्या सहली येतात, पण मुले पेटीपुढे काही क्षण थांबतात आणि पुढे जातात. दोन-अडीच मिनिटांची ध्वनिफीत आणि एक छोटी चित्रफीत करायची आहे. आमच्याकडे दोन पानांची माहिती तयार आहे. तीच वाचून ध्वनिमुद्रित केली तर चालेल का? संहिता कशी लिहावी?

उत्तर:

ती दोन पाने संहितेचा कच्चा माल म्हणून जरूर वापरावीत, पण वाचून मुद्रित करू नयेत. अशा टिपणाची सुरुवात बहुधा स्थळ, तालुका, नदी, उत्खननाची वर्षे, उत्खननकारांची नावे आणि संस्कृतींचा क्रम अशी होते आणि रथ दुसऱ्या पानावर येतो. वाचणाऱ्याला हा क्रम सोयीचा असतो. पेटीसमोर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या क्षणापासून रथच असतो. कानांवर प्रवरा नदी आणि डोळ्यांपुढे बैल अशी फारकत झाली की मूल ऐकणे सोडून देते, आणि ते स्वाभाविकही आहे. म्हणून पहिला निर्णय क्रमाचा घ्यावा. आधी वस्तूत जे दिसते ते सांगावे, त्यातून जे प्रश्न उठतात ते त्यानंतर घ्यावेत, आणि स्थळ-काळाची माहिती त्या प्रश्नांचे उत्तर म्हणूनच यावी.

क्रम ठरवण्यासाठी कागद बाजूला ठेवून प्रतिकृतीसमोर उभे राहावे आणि नजर स्वतःहून कुठे जाते ते टिपावे. या वस्तूत लक्ष सहसा आधी चाकांकडे किंवा बैलांकडे जाते. दोन चाकांचा हा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. त्याला बैलांची जोडी जुंपलेली आहे. चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. मागे उभा असलेला पुरुष सुमारे १६ सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या हातात वाकडी काठी आहे. रथाच्या लांब दांडीवर एक लहान प्राणी उभा आहे, त्याला अभ्यासक कुत्रा मानतात. हा कुत्रा संहितेसाठी फार उपयोगाचा आहे, कारण सांगितल्याशिवाय तो बहुतेकांना दिसत नाही आणि एकदा दिसला की मूल इतर बारकावे आपण होऊन शोधू लागते. चाक, दांडी, बैल, कुत्रा आणि मग माणूस असा क्रम धरला तर नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि कुठेही उडी मारावी लागत नाही.

भागांची नावे बैलगाडीचीच वापरावीत. जू, दांडी, आस, आरे हे शब्द खेड्यातल्या मुलांना घरून ठाऊक असतात आणि शहरातल्या मुलांना वस्तूकडे पाहताक्षणी कळतात. ‘युग्मवाहक दंड’ यासारखी घडवलेली भाषा अहवालात शोभेल, पण मुलाला तिचा काहीच उपयोग नाही.

आता लांबीचा हिशेब. मुलांसाठी वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा मराठी शब्दांपलीकडे जाऊ नये. आपल्या भाषेत प्रत्यय जोडून शब्द लांब होतात, त्यामुळे इंग्रजी संहितांसाठी सांगितले जाणारे शब्दांचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. अडीच मिनिटांतली जवळजवळ अर्धा मिनिट शांततेसाठी राखून ठेवावी लागते. ‘पाहा’ किंवा ‘शोधा’ म्हटल्यावर खरोखर पाहायला वेळ दिला नाही, तर ती सूचना पोकळ ठरते. म्हणजे बोलायला दोनशे ते सव्वादोनशे शब्दच उरतात. आपल्या दोन पानांतला बहुतेक मजकूर वगळावा लागेल. काय वगळायचे यावरच संहितेचा कस लागतो.

माझ्या मते उत्खननांची मालिका वगळावी. दायमाबादचे स्थळ १९५८ मध्ये बा. पु. बोपर्डीकर यांनी उजेडात आणले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनने झाली. ही माहिती मोलाची आहे, पण तिची जागा भिंतीवरच्या फलकावर किंवा शिक्षकांसाठीच्या पत्रकात आहे. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे हा संस्कृतींचा क्रमही तिथेच द्यावा, कारण कानावरून गेलेली पाच नावे मुलाच्या लक्षात राहत नाहीत. सापडण्याची कथा मात्र ठेवावी. १९७४ मध्ये एक स्थानिक भिल्ल शेतकरी झुडपाच्या बुंध्याशी खणत असताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असा चार शिल्पांचा हा ठेवा निघाला. शोध शास्त्रज्ञांच्या हातून लागला नव्हता, हे मुलांना सांगण्याजोगे आहे, आणि पुढे येणाऱ्या कालनिश्चितीच्या वादाचे मूळही तिथेच आहे.

हा वाद संहितेत घ्यावा की टाळावा, असा संभ्रम अनेक संग्रहालयांना पडतो आणि बहुतेक जण तो टाळतात. मी तो घ्यावा अशा मताचा आहे. त्यासाठी तो आधी आपल्याला नीट समजलेला हवा. उत्खननात एखादी वस्तू मातीच्या ज्या थरात मिळते, त्या थरातली खापरे, कोळसा आणि धान्य यांच्या आधारे तिचा काळ ठरतो. दायमाबादची शिल्पे थरांची नोंद होण्याआधीच जमिनीबाहेर आली होती. नंतर त्या ठिकाणी तपासणी झाली आणि देशपांडे, राव व साळी या तिघांनीही परिस्थितीजन्य पुराव्यावरून ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे ढोबळमानाने चार हजार वर्षांपूर्वीची मानली. याउलट पुरातत्त्वशास्त्रज्ञ धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाकडे लक्ष वेधले. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असे आर्सेनिकमिश्रित तांबे आढळलेले नाही, म्हणून ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असू शकतील, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. फरक इतकाच की एका बाजूचा पुरावा जागेचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा धातूचा.

अकरा वर्षांच्या मुलाला आर्सेनिकचे टक्के सांगण्याची गरज नाही, पण ‘माती पाहणारे एक सांगतात आणि धातू तपासणारे दुसरे सांगतात’ इतके त्याला सहज कळते. ‘हा रथ चार हजार वर्षांपूर्वीचा आहे’ असे ठाम वाक्य मुद्रित केले तर ते ऐकायला बरे वाटेल, पण उद्या एखाद्या जाणत्या शिक्षकाने हरकत घेतली की ते मागे घ्यावे लागेल. ‘असे मानले जाते’ हे वाक्य तर त्याहून निरुपयोगी आहे, कारण कोण मानतो आणि कशावरून मानतो, यातले काहीच ते सांगत नाही.

दुसरी अडचण प्रतिकृतीची. समोरची वस्तू मूळ नाही हे संहितेत स्पष्ट सांगावे. ते पहिल्या वाक्यात सांगितले तर मुलांचा उत्साह मावळतो आणि शेवटी सांगितले तर फसवल्यासारखे वाटते. मुलाने वस्तू पुरती पाहून झाल्यावर आणि वजनाचा मुद्दा येण्याआधी, ही त्याची योग्य जागा आहे. मूळ ठेव्यातल्या चारही वस्तू भरीव ओतीव आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते, तर आपली प्रतिकृती बहुधा बरीच हलकी असेल, त्यामुळे तिथे हा खुलासा आपोआप गरजेचा होतो. मूळ रथ सध्या कुठे आहे हे मात्र ध्वनिफितीत घालू नये. अशा वस्तू प्रदर्शनांसाठी हलवल्या जातात आणि फीत वर्षानुवर्षे तीच राहते. संबंधित संग्रहालयाकडून खात्री करून ती माहिती पेटीवरच्या चिठ्ठीत लिहावी, म्हणजे बदल झाला तर चिठ्ठी बदलता येते.

तिसरी अडचण रथातल्या पुरुषाच्या नग्नतेची, आणि तिच्याबद्दल आपण विचारले नसले तरी प्रत्येक शालेय गटात ती येतेच. मुले हसतात, शिक्षक अवघडतात आणि पुढचे अर्धे मिनिट कोणीच ऐकत नाही. यावर मौन बाळगल्याने हसू वाढते. एका साध्या, कोरड्या वाक्यात ती गोष्ट सांगून ताबडतोब हातातल्या काठीकडे लक्ष वळवणे हा मला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो. त्याच्या कमरेखाली नागाच्या चार फण्यांचे आच्छादन दाखवले आहे, आणि त्यावरून, तसेच सोबतच्या हत्ती, गेंडा आणि रेडा यांवरून, काही अभ्यासकांनी त्याचा संबंध मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेवरील प्राण्यांनी वेढलेल्या आकृतीशी जोडला आहे. त्या मुद्रेवर हेच तीन प्राणी आणि वाघ आहेत. ही कल्पना वेधक आहे, पण सिद्ध झालेली नाही. शिक्षकांच्या पत्रकात ती ‘एक मत’ म्हणून द्यावी आणि दोनशे शब्दांच्या संहितेत घेऊ नये. देवाचे नाव एकदा कानी पडले की मुले उरलेली वस्तू पाहत नाहीत, तिच्याकडे मूर्ती म्हणून बघू लागतात.

या सगळ्याचा विचार करून मी संहिता अशी लिहीन. कंसातले सेकंद शांततेचे आहेत आणि ते निवेदकाने वाचायचे नाहीत.

«तुमच्यासमोर काचेच्या पेटीत एक गाडी आहे. आधी तिची चाके शोधा. (४ सेकंद) चाके दोनच आहेत, आणि त्यांना आरे नाहीत. ती सबंध भरीव आहेत.

आता चाकांपासून निघालेल्या लांब दांडीवरून नजर हळूहळू पुढे न्या. ती कुठे पोहोचते? (५ सेकंद) दोन बैलांपाशी. त्यांच्या मानेवर जू आहे.

याच दांडीवर एक छोटा प्राणी उभा आहे. दिसला का? (६ सेकंद) अभ्यासक म्हणतात, तो कुत्रा आहे.

आता मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. त्याच्या अंगावर कपडे नाहीत. जुन्या काळच्या अनेक मूर्ती अशाच आहेत. त्याच्या हातात काय आहे? (४ सेकंद) वाकडी काठी. बैल हाकायची असेल का?

ही गाडी तुमच्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीच्या दीडपट लांब आहे. तुम्ही पाहता आहात ती प्रतिकृती आहे, म्हणजे मूळ गाडीसारखी हुबेहूब केलेली दुसरी गाडी. मूळ गाडी कांस्य धातूची आहे. आतून पोकळ नाही, म्हणून फार जड आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी, दायमाबाद इथे एक शेतकरी झुडपाच्या बुंध्याशी खणत होता. तिथे त्याला ही गाडी मिळाली. सोबत एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोपेक्षा जास्त!

एवढे जड खेळणे कोणी लहान मुलाला देईल का? (५ सेकंद) मग हे कशासाठी केले असेल? पूजेसाठी? मिरवणुकीसाठी? नक्की कोणालाच माहीत नाही.

हे किती जुने असेल? तिथली माती खणून पाहणारे अभ्यासक म्हणतात, सुमारे चार हजार वर्षे. धातू तपासणारे एक शास्त्रज्ञ म्हणाले, इतके जुने नसावे. दोघांकडेही पुरावे आहेत.

आता पेटीच्या दुसऱ्या बाजूला जा आणि माणूस मागून कसा दिसतो ते पाहा. इथली जागा पुढच्या मुलांना द्या.»

या संहितेतल्या काही निवडी उघड करून सांगतो, म्हणजे आपल्याला त्या बदलता येतील. पहिल्या वाक्यात मी ‘रथ’ न म्हणता ‘गाडी’ म्हटले आहे. ‘रथ’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे घोडे आणि धनुष्य येते, आणि समोरच्या बैलांशी ते जुळत नाही. चिठ्ठीवर ‘कांस्यरथ’ असेल तर तिथे ते नाव तसेच राहू द्यावे.

साल अक्षरांत लिहिले आहे, कारण निवेदक आकडा पाहून अडखळतो आणि दोन निवेदक एकच साल दोन प्रकारे वाचतात. इसवी सन पूर्व अशी कालगणना मुद्दाम टाळली आहे. या वयाच्या मुलांना उलटे मोजणे ऐकता ऐकता जमत नाही.

शेवटचे वाक्य व्यवस्थेचे आहे. पन्नास मुलांच्या वर्गातली दहा-बाराच एका वेळी पेटीभोवती नीट उभी राहू शकतात, मागची मुले काचेऐवजी पुढच्यांच्या पाठी पाहतात. त्यामुळे फितीनेच गट पुढे हलवला तर मार्गदर्शकाला ओरडावे लागत नाही, आणि दुसऱ्या बाजूने पाहण्याच्या निमित्ताने मुले खुशीने हलतात. पेटी भिंतीला टेकलेली असेल तर हे वाक्य अर्थातच बदलावे लागेल. पेटीची जागा न पाहता लिहिलेल्या संहितांत ‘मागून पाहा’ हे वाक्य असते आणि मागे भिंत असते.

शांततेच्या जागा मुद्रणात कापल्या जाणार नाहीत याची खबरदारी घ्यावी. ध्वनी संपादन करणारी व्यक्ती बाहेरची असेल तर ती सवयीने मोकळी जागा छाटते, आणि फीत परत येते तेव्हा सहा सेकंदांचे दोन झालेले असतात. संहितेवर ‘ही शांतता हेतुपुरस्सर आहे’ असे ठळक लिहून द्यावे. शांततेत पार्श्वसंगीतही घालू नये. संगीत वाजत असले की मुलाला वाटते, काहीतरी सुरू होणार आहे, आणि ते पाहण्याऐवजी वाट पाहू लागते.

ध्वनिफीत ऐकवायची कशी, हाही संहितेचाच भाग आहे. सहलीतल्या मुलांकडे मोबाइल नसतो, त्यामुळे पेटीवर केवळ क्यूआर कोड लावून भागत नाही. तो शिक्षकांसाठी आणि कुटुंबासोबत येणाऱ्यांसाठी ठेवावा. शालेय गटासाठी पेटीजवळ बटण दाबल्यावर वाजणारा छोटा स्पीकर हवा, आणि त्याचा आवाज शेजारच्या दालनात जाणार नाही इतकाच ठेवावा. मुद्रण एकाच वाहिनीवर केले तरी पुरते. १२८ केबीपीएसला अडीच मिनिटांची फाइल साधारण अडीच एमबीची होते, ती ग्रामीण भागातल्या मंद इंटरनेटवरही उघडते. कानाला लावायच्या यंत्रावर ऐकून समाधान मानू नये. जो स्पीकर बसवणार आहात त्यावर, दालनात मुले असताना, फीत ऐकून पाहावी. लहान स्पीकरवर खर्जातला आवाज दबतो आणि फरशीच्या दालनात घुमतोही, म्हणून भारदस्त आवाजापेक्षा स्वच्छ उच्चाराचा मध्यम पट्टीतला आवाज निवडावा.

चित्रफितीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ती पेटीशेजारी पडद्यावर दाखवू नये. हलते चित्र आणि स्थिर वस्तू शेजारी ठेवली की मुलाची नजर पडद्यावरच खिळते, आणि मग खऱ्या वस्तूपर्यंत मुलांना आणले कशासाठी, असा प्रश्न उरतो. चित्रफीत प्रवेशाजवळच्या खोलीत, दालनात जाण्याआधी दाखवावी, किंवा शाळेला सहलीनंतर वर्गात दाखवण्यासाठी द्यावी. लांबी दीड मिनिट पुरे. पेटीसमोर उभे राहून जे करता येत नाही, तेवढेच तिच्यात असावे.

आपल्याकडे प्रतिकृती असल्यामुळे इथे एक मोठी सोय आहे. मूळ वस्तू पेटीतून काढण्यासाठी परवानग्या लागतात, प्रतिकृती मात्र आपली आपल्याला बाहेर काढता येते. ती फिरत्या पाटावर ठेवून, मागे करड्या रंगाचे साधे कापड लावून, एका बाजूने खिडकीचा प्रकाश घेऊन चित्रण करावे. काचेतूनच चित्रण करावे लागले तर फ्लॅश बंद ठेवावा, भिंग काचेला जवळजवळ टेकवावे आणि चित्रण करणाऱ्याच्या मागे काळे कापड धरावे, नाहीतर प्रत्येक चित्रात खिडकी आणि छायाचित्रकार दिसतात.

चित्रफितीचा पट मी असा आखीन. पहिली पंधरा सेकंद निवेदन नाही. रथ पाटावर सावकाश एक फेरा घेतो आणि मुले तो सर्व बाजूंनी पाहतात. पुढच्या वीस सेकंदांत दांडीवरचा कुत्रा पडदा भरून दिसतो, मग कॅमेरा मागे सरकत पूर्ण रथ दाखवतो, म्हणजे कुत्रा नेमका कुठे आहे ते समजते. निवेदन इथे एकच वाक्य: ‘हा कुत्रा तुम्हाला दालनात शोधायचा आहे.’ त्यानंतर दहा सेकंद रथाशेजारी तीस सेंटिमीटरची पट्टी ठेवलेली दिसते. पडद्यावर लहान वस्तू अवाढव्य वाटते आणि मुले नंतर दालनात येऊन हिरमुसतात, म्हणून हे दृश्य वगळू नये. मग वीस सेकंदांचा नकाशा: महाराष्ट्र, गोदावरी, तिला मिळणारी प्रवरा, आणि प्रवरेच्या काठावर दायमाबाद. इथे सांगावे की या भागातला खडक काळा बेसाल्ट आहे, त्यात तांब्याच्या खाणी नाहीत, म्हणजे मूळ गाडीसाठी लागलेला धातू बाहेरूनच आणावा लागला असणार. ध्वनिफितीत हा मुद्दा घेतलेला नाही, कारण तो नकाशाशिवाय कळत नाही. उरलेली पंचवीस सेकंद काळाच्या वादाला द्यावीत. पडद्याच्या डाव्या बाजूला मातीच्या थरांचे रेखाचित्र, उजव्या बाजूला धातूचा कण, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे एकेका वाक्यात.

एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी. रथ चालतो आहे, बैल डोलताहेत, मागे ढोल वाजतो आहे आणि लोक हात जोडून उभे आहेत, असे सजीव चित्र करून घेण्याचा मोह होतो आणि करून देणारेही मिळतात. ते एकदा पाहिले की ‘नक्की कोणालाच माहीत नाही’ हे वाक्य कोणी ऐकत नाही, मूल मिरवणूक घेऊनच घरी जाते. कल्पनाचित्र वापरायचेच असेल तर एक खेळण्याचे, एक पूजेचे आणि एक मिरवणुकीचे अशी तीन सारख्याच आकाराची चित्रे एकाच वेळी दाखवावीत, आणि ती दिसत असतील तोवर ‘कल्पनाचित्र’ हा शब्द पडद्यावर राहू द्यावा.

उपशीर्षके मराठीतूनच द्यावीत. ऐकू न येणाऱ्या मुलांना त्यांची गरज असतेच, शिवाय खोलीत गलका असताना सर्वांनाच त्यांचा आधार होतो. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात आणि ओळ ‘च्या’ने जोडलेल्या शब्दांच्या मध्ये तोडू नये. ‘प्रवरा नदीच्या’ आणि खाली ‘काठी’ अशी मोडलेली ओळ वाचताना मूल अडखळते. दृष्टिहीन मुलांसाठी वेगळी फीत करण्याआधी प्रतिकृती त्यांच्या हातात द्यावी. वरची संहिता जवळजवळ तशीच उपयोगी पडते, फक्त ‘पाहा’च्या जागी ‘बोटे न्या’ येते आणि शांतता दुप्पट कराव्या लागतात.

मुद्रण करण्याआधी संहिता एका वर्गासमोर पेटीपाशी स्वतः वाचून पाहावी. त्या वेळी मुलांना ‘आवडले का’ असे विचारून काही निष्पन्न होत नाही, पाहुण्यांसमोर मुले होच म्हणतात. त्याऐवजी एका सहकाऱ्याला पेटीच्या पलीकडे, मुलांच्या तोंडासमोर उभे करावे आणि त्याने फक्त डोळे पाहावेत. दांडीच्या वाक्याला नजरा डावीकडून उजवीकडे सरकल्या पाहिजेत. त्या वाचणाऱ्याच्या तोंडाकडे वळल्या तर ते वाक्य कळलेले नाही. कुत्र्याच्या शांततेत कोणीतरी ‘तो बघ’ म्हणून बोट दाखवले तर सहा सेकंद बरोबर आहेत. कोणीच बोट दाखवले नाही तर शांतता वाढवावी किंवा ‘बैलांच्या मागे पाहा’ अशी खूण जोडावी. प्रतिकृतीत तो प्राणी पुसट उतरला असेल तर मात्र तो भाग संहितेतून काढून टाकणेच बरे. जे दिसत नाही ते शोधायला लावले की मुलांचा निवेदकावरचा विश्वास उडतो. वजनाच्या वाक्यानंतर मुले आपसांत बोलू लागतात. तो गोंधळ समजू नये, ती चर्चा असते, आणि त्यासाठीच तिथे पाच सेकंद सोडले आहेत.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांमार्फत मुलांकडून रथाचे स्मरणचित्र काढून घेता आले तर अवश्य घ्यावे. चाकांना आरे काढलेले असतील तर चाकांचे वाक्य पोहोचले नाही. बैलांच्या जागी घोडे आले असतील तर कुठेतरी ‘रथ’ हा शब्द गाडीच्या आधी कानी पडला, बहुधा वर्गातच, सहलीपूर्वी. मग शिक्षकांच्या पत्रकात तशी सूचना घालावी.

शेवटचे मुद्रणाबद्दल. संपूर्ण संहिता एका दमात मुद्रित न करता परिच्छेदागणिक वेगळ्या फाइली कराव्यात आणि रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाजही त्याच बैठकीत टिपून ठेवावा. काळाविषयीचा परिच्छेद नव्या संशोधनामुळे केव्हा तरी बदलावा लागेल. तेव्हा तेवढाच भाग त्याच निवेदकाकडून, त्याच खोलीत पुन्हा वाचून घेता येतो आणि टिपून ठेवलेल्या आवाजामुळे जोड ऐकू येत नाही. प्रत्येक फाइलच्या नावात मुद्रणाची तारीख घालावी आणि छापील संहितेच्या तळाशीही तीच तारीख लिहावी, म्हणजे पाच वर्षांनी दालनात कोणती आवृत्ती वाजते आहे, हे शोधायला फीत ऐकत बसावे लागणार नाही.